राउथ सारणीतील अक्ष-स्थानांतर

नियंत्रण प्रणालीतील क्षोभ ठरावीक वेगापेक्षा मंद गतीने ओसरू नये, एवढी खात्री समीकरण न सोडवता करून घेण्याची ही रीत आहे. एडवर्ड जॉन राउथ यांनी १८७७ मध्ये मांडलेली सारणी अभिलक्षण बहुपदीची सर्व मुळे काल्पनिक अक्षाच्या डावीकडे आहेत का, एवढेच सांगते. मूळ −0.001 वर असले तरी सारणी प्रणालीला स्थिर ठरवते. प्रत्यक्षात मात्र अशा प्रणालीत एखादा धक्का ओसरायला तासाच्या वर वेळ लागू शकतो.

त्यामुळे अक्षच डावीकडे σ इतका सरकवला जातो. बहुपदीत s = z − σ घालून z ची नवी बहुपदी मिळवायची आणि तिची नेहमीसारखी सारणी मांडायची. पहिल्या स्तंभातील सर्व पदे धन आली, तर z ची सर्व मुळे डावीकडे असतात. याचा अर्थ s च्या प्रत्येक मुळाचा वास्तव भाग −σ पेक्षा कमी असतो आणि प्रतिसादातील प्रत्येक घटक e^(−σt) पेक्षा वेगाने विरतो.

उदाहरणादाखल K/(s(s+2)(s+5)) ही प्रणाली एकक ऋण प्रतिभरणात जोडलेली आहे असे समजू. तिची अभिलक्षण बहुपदी s³ + 7s² + 10s + K आहे. साध्या सारणीनुसार 0 < K < 70 असताना प्रणाली स्थिर राहते. आता क्षोभ सुमारे ८ सेकंदांत दोन टक्क्यांवर यावा अशी अपेक्षा आहे. दोन टक्क्यांसाठी साधारण चार कालस्थिरांक लागतात, म्हणून σ = 4/8 = 0.5 घेऊ.

कंस उलगडत बसण्यापेक्षा −0.5 ने संश्लेषक भागाकार पुन्हा पुन्हा करणे सोपे जाते. प्रत्येक फेरीतील बाकी म्हणजे नव्या बहुपदीचा एकेक सहगुणक, सर्वांत आधी स्थिरपद:

```
1   7     10     K
1   6.5   6.75   K-3.375
1   6     3.75
1   5.5
```

यावरून z³ + 5.5z² + 3.75z + (K − 3.375) ही बहुपदी मिळते. तिची सारणी अशी:

```
z^3   1                      3.75
z^2   5.5                    K-3.375
z^1   (24-K)/5.5             0
z^0   K-3.375
```

म्हणजे 3.375 < K < 24. ७० पर्यंतची मुभा २४ वर आली, यात नवल नाही. नवल आहे ते खालच्या मर्यादेचे. साध्या सारणीत K कितीही लहान चालत होता, कारण मूळ बिंदूपासून जेमतेम हललेले मंद वास्तव मूळ तिच्या नजरेतून सुटते. K = 3.375 ला हेच मूळ नेमके −0.5 वर असते. K = 24 ला सारणीची z^1 ही ओळ शून्य होते आणि सहायक समीकरण 5.5z² + 20.625 = 0 वरून z = ±j1.94 येते. मूळ बहुपदी तेव्हा (s + 6)(s² + s + 4) अशी फुटते आणि s = −0.5 ± j1.94 ही जोडी नव्या अक्षावर बसलेली दिसते.

σ वाढवत नेला की K चा पट्टा आक्रसतो. σ = 1 घेतल्यास z³ + 4z² − z + (K − 4) येते. z चा सहगुणक ऋण आहे आणि त्यात K नाहीच, त्यामुळे K कितीही बदलला तरी ही मागणी पुरी होणार नाही. या सहगुणकाचे सामान्य रूप 3σ² − 14σ + 10 असे आहे आणि तो σ ≈ 0.88 ला शून्य होतो. तिथे दोन्ही मर्यादा K ≈ 4.06 वर एकत्र येतात. मूळपथावर दोन वास्तव मुळे एकमेकांना भेटून फुटतात तो हाच बिंदू. याहून वेगवान ऱ्हास हवा असेल, तर केवळ K हा गेन बदलून भागत नाही, भरपाई-जाल बसवावे लागते.

सर्वांत सामान्य चूक चिन्हाची: s = z + σ लिहिले की अक्ष उजवीकडे जातो, अट सैल होते आणि उत्तर फसवे सुखद येते. ती ओळखायला दुसरा सहगुणक पाहावा. अग्रसहगुणक १ असलेल्या n घाताच्या बहुपदीत तो nσ ने घटायला हवा. इथे ७ वरून 5.5 झाला. 8.5 आला असता, तर अक्ष उलट दिशेला गेला असे समजावे.

ही चाचणी ऱ्हासाच्या दराची हमी देते, दोलनाबद्दल काहीच सांगत नाही. K = 24 जवळ त्या जोडीचे अवमंदन गुणोत्तर केवळ 0.25 असते आणि पायरी-आदेशाला प्रतिसाद अंतिम मूल्याच्या सुमारे ४२ टक्के वर उसळी घेतो, दर अटीत बसत असूनही. अवमंदनावर बंधन हवे असेल तर उभी रेषा पुरत नाही, तिरप्या रेषांनी बनलेला शंकू लागतो. शिवाय e^(−σt) च्या आधीचा स्थिरांक या सारणीत कुठेच दिसत नाही, म्हणून वर काढलेले ८ सेकंद हा अंदाजच आहे. कालविलंब असलेल्या प्रणालीचे अभिलक्षण समीकरण बहुपदी नसते; तिथे आधी पादे रूपासारखे सन्निकटन करावे लागते, आणि मग निष्कर्षही त्या सन्निकटनापुरताच खरा असतो.