कॅनरी आणि ब्लू-ग्रीन: नवी आवृत्ती आधी थोड्यांनाच का देतात?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. चूक लक्षात आल्यावर, पाठवल्यापासून ७८ मिनिटांत, ती मागेही घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. भारतात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. अवघ्या ७८ मिनिटांत फाइल मागे घेऊनही नुकसान का टळले नाही, हे समजायला वीसेक वर्षे मागे जावे लागते.

२००५च्या सुमारास डॅनियल टेरहॉर्स्ट-नॉर्थ आणि जेझ हंबल एका ई-कॉमर्स साइटवर काम करत होते. नवी आवृत्ती चढवायची म्हणजे चालू साइट बंद ठेवायची आणि काही बिघडलेच तर घाईघाईत जुने परत बसवायचे, असा तेव्हा सर्रास प्रकार असे. त्यांनी साइट चालवणारी हुबेहूब सारखी दोन वातावरणे उभी केली, एक निळे आणि एक हिरवे. ग्राहक निळ्यावर असताना नवी आवृत्ती हिरव्यावर चढवायची, तिथेच तपासायची आणि मग राउटरवरून सगळी वाहतूक हिरव्याकडे वळवायची. काही बिनसले तर निळे तसेच चालू असते, वाहतूक पुन्हा तिकडे वळवली की झाले. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २०१० मध्ये ही पद्धत ब्लू-ग्रीन या नावाने लिहून काढली आणि ती सर्वदूर पोचली.

यात खरी अडचण डेटाबेसची. दोन्ही रंग बहुधा एकाच डेटाबेसवर चालतात. हिरव्याने एखाद्या रकान्याचे नाव बदलले तर निळ्याला तो सापडत नाही आणि परतीची वाट बंद होते. म्हणून जाणकार आधी नवा रकाना नुसता जोडतात, काही काळ दोन्हींत लिहितात आणि जुन्या आवृत्तीकडे परतायची गरज उरली नाही याची खात्री झाल्यावरच जुना काढतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर ब्लू-ग्रीनचा अर्धा उपयोग संपतो.

दुसरी मर्यादा अशी की राउटर वळला की सगळे ग्राहक एकदमच नव्या आवृत्तीवर जातात. तपासणीत न दिसलेली चूक मग सगळ्यांनाच भोवते. कॅनरी पद्धत इथे कामी येते. तिचे नाव ब्रिटनच्या कोळसा खाणींतून आले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांच्या सूचनेवरून तिथे कॅनरी पक्षी नेत. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाआधी त्यांच्यावर दिसे आणि कामगारांना बाहेर पडायला अवधी मिळे. १९८६ साली ही प्रथा मोडीत काढायचे ठरले.

सॉफ्टवेअरमध्ये आधी समजा १ टक्का वापरकर्त्यांना नवी आवृत्ती द्यायची आणि त्यांच्याकडच्या चुका, लागणारा वेळ, अर्धवट सुटलेले व्यवहार यांची तुलना त्याच वेळी जुन्या आवृत्तीवर असलेल्यांशी करायची. आकडे बरे दिसले तरच पुढचा टप्पा. आकड्यांवर कोणी नजर ठेवत नसेल, तर हा सगळा प्रकार केवळ सावकाश केलेला अपघात ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय दहा हजारांत एकाला गाठणारी चूक शंभर लोकांत बहुधा दिसणारच नाही.

आता क्राउडस्ट्राइककडे वळू. सॉफ्टवेअरच्या मुख्य आवृत्त्या टप्प्याटप्प्याने घेण्याची, एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याची सोय ग्राहकांना होती. धोके ओळखण्याच्या नियमांच्या फाइल्स मात्र त्या सोयीबाहेर होत्या, त्या एकदम सगळ्यांकडे जात. त्या दिवशीच्या फाइलमधला एक नियम एकविसाव्या घटकाची तुलना मागत होता, पण सॉफ्टवेअर वीसच घटक पुरवत होते. नसलेली जागा वाचायला गेल्यावर विंडोज कोसळत असे. आधीच्या नियमांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, म्हणून ही चूक लपून राहिली होती.

फाइल मागे घेतली, पण कोसळलेला संगणक बहुतेकदा सुधारलेली फाइल डाउनलोड करण्याइतकाही चालत नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन `C-00000291*.sys` हाताने पुसावी लागत होती, तीही एकेका संगणकावर. ब्लू-ग्रीनचा सगळा भरवसा आपल्या ताब्यातल्या राउटरवर असतो. इथे सॉफ्टवेअर लोकांच्या यंत्रांवर पोचलेले होते आणि परत वळवायला राउटरच नव्हता. पहिल्या टप्प्यात थोडीच यंत्रे घेतली असती, तर तीच तेवढी कोसळली असती. घटनेनंतर कंपनीने या फाइल्सही टप्प्याटप्प्याने आणि आधी कॅनरीवर पाठवण्याचे जाहीर केले.

मोबाइल अॅपचीही अडचण हीच. अॅपलची टप्प्याटप्प्याची सोय सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के अशी चढते. ती थांबवता येते, पण अॅप स्टोअरवर जाऊन स्वतः अपडेट करणाऱ्याला नवी आवृत्ती मिळतेच. गूगल प्लेवर प्रसार थांबवला तरी ज्यांच्या फोनवर ती पोचली आहे त्यांच्याकडे ती राहते. त्यांच्यासाठी जुनाच कोड वाढवलेल्या आवृत्ती क्रमांकाने पुन्हा पाठवावा लागतो.