द्राक्षघडामागचे चौकोन: पारदर्शक चित्रांची पार्श्वभूमी

नाशिकच्या द्राक्ष हंगामात पोस्टर आणि खोक्यांवरच्या लेबलांसाठी डिझायनर एकच गोष्ट मागतात: मागचं काहीही नसलेला घड. हल्ली तो अनेकदा एआयकडून बनवून घेतला जातो. ‘पारदर्शक बॅकग्राउंड’ असं स्पष्ट सांगूनही काही वेळा घडामागे राखाडी-पांढरे चौकोन येतात. एडिटिंग सॉफ्टवेअर पारदर्शक भाग अशाच चौकोनांनी दाखवतं, पण इथे ते खरोखर रंगवलेले असल्याने तसेच छापले जातात.

छपाईच्या जुन्या पद्धतीत मास्किंग फिल्म ब्लेडने कापून वस्तू वेगळी करत. कापलेल्या रेषेच्या आत वस्तू, बाहेर काही नाही; अधलंमधलं काही नव्हतं. 1977 च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्यासोबत चौथा आकडा दिला: हा ठिपका किती झाकतो? हाच अल्फा चॅनेल. असे थर एकमेकांवर कसे बसवायचे, याचं गणित 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी मांडलं. जेपीईजीत या आकड्याला जागाच नाही आणि जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर दिसतो किंवा दिसत नाही. 1996 मध्ये आलेल्या पीएनजीने अर्धवट पारदर्शकता वेबवर आणली.

चित्रं बनवणारी सुरुवातीची प्रसिद्ध मॉडेल मात्र तीनच रंगांवर शिकली. चौकोनांची जाळी त्यांच्यासाठी नुसती नक्षी होती. 2024 च्या ‘लेयरडिफ्यूज’ संशोधनात मॉडेलला पारदर्शकताही शिकवली गेली. 2025 मध्ये ओपनएआयच्या `gpt-image-1` या मॉडेलमध्ये `background` या सेटिंगसाठी `transparent` हा पर्याय आला. त्यासाठी फाइल पीएनजी किंवा वेबपी लागते.

ही सोय नसेल तर पांढऱ्यावर चित्र बनवून नंतर कापतात, आणि खरी अडचण कडेला येते. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा या मापात काळ्या द्राक्षाची उजळता 40 आणि मागच्या पांढऱ्याची 255 धरा. कडेच्या पिक्सेलमध्ये दोन्ही निम्मे असतील, तर तो साधारण 148 होतो. कापणाऱ्या टूलने त्याला 50 टक्के पारदर्शक केलं, पण रंग तसाच ठेवला, तर काळ्या पोस्टरवर तिथे 74 दिसतं. यायला हवं होतं 20. म्हणून मण्यांभोवती पांढरट कड उमटते. पांढऱ्या पडद्यावर ती दिसत नाही, त्यामुळे घडाखाली गडद थर ठेवून 200 टक्के झूमवर तपासावं. फोटोशॉपमधलं `Decontaminate Colors` कडेत मिसळलेला हा रंग बदलतं. देठासारख्या बारीक भागांवर तरीही हाताने काम करावं लागतं.

वाइनच्या बाटलीला मात्र चांगला अल्फाही पुरत नाही. काच मागचं दृश्य वाकवते, आणि ‘किती झाकलं’ सांगणाऱ्या आकड्यात ते वाकणं मावत नाही. तिथे बाटली पोस्टरच्याच रंगावर बनवून घेणं जास्त बरं.