दोन बंध, तीन बंध आणि एक जुना घोळ

मुंबईत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या पेपरात ‘डीएनएचे दोन धागे कशाने धरलेले असतात?’ असं विचारलं की बहुतेकजण लिहितात: ए-टी या बेसच्या जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सीत तीन, म्हणून जी-सी मजबूत. गुण मिळतात. उत्तर मात्र अर्धंच आहे.

1953 च्या मूळ आराखड्यात जी-सीलाही दोनच बंध होते, तिसरा 1956 मध्ये दाखवला गेला. पुढे 1960 च्या सुमारास दिसलं की जी-सी जास्त असेल तर डीएनए वितळायला, म्हणजे धागे सुटायला, जास्त तापमान लागतं. या दोन गोष्टी इतक्या चपखल बसल्या की बंध मोजणं हेच स्पष्टीकरण झालं. त्यात पाणी विसरलं गेलं. धागे सुटले तरी बेसचे हायड्रोजन बंध वाया जात नाहीत, ते पाण्याशी जुळतात. त्यामुळे जोडी जमल्याचा निव्वळ फायदा थोडाच उरतो.

मग उरलेलं काम कोण करतं? स्टॅकिंग, म्हणजे चपट्या बेसची चळत, एकावर एक, सुमारे 3.4 अँगस्ट्रॉम अंतराने. हे महत्त्वाचं कसं, ते `AATT` आणि `TTAA` हे तुकडे शेजारी ठेवून पाहा (दोन्ही 5' कडून 3' कडे वाचलेले). दोन्हींत चार ए-टी जोड्या, आठच बंध. शेजारच्या दोन जोड्या म्हणजे एक पायरी. अशा पायऱ्यांच्या ऊर्जेच्या 1998 च्या कोष्टकातून बेरीज केली (आकडा जितका जास्त ऋण, तितका तुकडा स्थिर) तर:

```
AATT: -1.00 - 0.88 - 1.00 = -2.88 kcal/mol
TTAA: -1.00 - 0.58 - 1.00 = -2.58 kcal/mol
```

बंध तेवढेच, जोड्या त्याच, टोकंही सारखी. फरक पडला तो मधल्या पायरीमुळे: एकात ए नंतर टी, दुसऱ्यात टी नंतर ए. बंध मोजून हा फरक निघत नाही.

इथेच शब्दांचा घोळ आहे. या आकड्यांना सर्रास ‘स्टॅकिंग ऊर्जा’ म्हणतात, पण त्यांत जोडी आणि चळत दोन्ही मिसळलेल्या असतात. दोन्ही वेगळं करायला एका धाग्यात मुद्दाम चीर दिलेले तुकडे जेलमध्ये पळवले गेले. चिरेपाशी चळत टिकली तर तुकडा ताठ राहून भराभर धावतो, मोडली तर वाकून रेंगाळतो. 2006 मध्ये अशाच मोजणीतून निष्कर्ष निघाला की स्थैर्य जवळपास सगळं चळतीचं आहे, जी-सी जोडीचा वाटा नगण्य, आणि ए-टी जोडी तर किंचित अस्थिरच करते. हा निष्कर्ष सगळ्यांच्या गळी उतरलेला नाही, पण मला तो पटतो. हायड्रोजन बंधांचं खरं काम कोणासमोर कोण बसेल हे ठरवणं.

आमच्या प्रॅक्टिकलला एकाने डीएनए बफरऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला होता. 260 नॅनोमीटरचं रीडिंग सुरुवातीलाच चढलेलं, आणि तापवल्यावर हललंच नाही. मीठ नसल्याने फॉस्फेटचे ऋणभार एकमेकांना ढकलत होते, धागे खोलीच्या तापमानालाच सुटले होते. बेस चळतीत असताना प्रकाश कमी शोषतात, चळत मोडली की शोषण चाळीसेक टक्क्यांनी वाढतं. म्हणजे वितळण्याच्या आलेखात आपण खरं तर चळत मोडताना पाहतो आणि उत्तरात लिहितो ‘हायड्रोजन बंध तुटले’.