पोटाचे चार भाग की नऊ?

पोटात कुठे दुखतं ते सांगायला रुग्णाच्या कागदावर एक डॉक्टर ‘आरएलक्यू’ लिहितो, दुसरा ‘आरआयएफ’. विद्यार्थी दोन्ही एकच समजतात. पण पहिला शब्द, राइट लोअर क्वाड्रंट, पोटाच्या चार भागांतला म्हणजे क्वाड्रंटमधला आहे आणि दुसरा, राइट इलियाक फॉसा, नऊ विभागांतला.

चार भागांसाठी बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ पुरते. नऊ विभागांसाठी दोन उभ्या रेघा लागतात, दोन्ही हंसळीच्या हाडांच्या मध्यावरून खाली येणाऱ्या, आणि दोन आडव्या. खालची आडवी रेघ कमरेच्या हाडांवरच्या उंचवट्यांमधून, म्हणजे पाचव्या कंबर-मणक्याच्या पातळीवर जाते. बेंबी त्याहून वर असते. त्यामुळे उजव्या कुशीत बेंबीच्या जरा खाली दुखत असेल, तर ती जागा उजव्या खालच्या क्वाड्रंटमध्ये येते, पण राइट इलियाक विभागात नाही. ती त्याच्या वरच्या लंबर विभागात पडते.

अपेंडिक्सच्या दुखण्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं, कारण अपेंडिक्सची संवेदना मज्जारज्जूच्या दहाव्या छाती-खंडात पोहोचते आणि बेंबीच्या त्वचेची संवेदनाही तिथेच जाते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. क्वाड्रंटच्या भाषेत ही पहिली पायरी नीट लिहिताच येत नाही. बेंबीपाशी चारही भाग मिळतात, तिला स्वतःचा कप्पा नाही. नऊ विभागांत तो आहे. माझ्या मते घाईच्या वेळी क्वाड्रंट पुरतात, पण दुखण्याचा प्रवास सांगायचा तर नऊच हवेत.

आता वरची आडवी रेघ. खरा गोंधळ इथेच होतो. काही पुस्तकं ती ट्रान्सपायलोरिक प्लेन या पातळीवर घेतात, काही बरगड्यांच्या सर्वांत खालच्या कडेवर. पहिली पातळी पहिल्या कंबर-मणक्याची, दुसरी तिसऱ्याची. स्वादुपिंडाचं डोकं साधारण दुसऱ्या कंबर-मणक्यासमोर असतं. म्हणजे एका पुस्तकानुसार ते बेंबीच्या विभागात आणि दुसऱ्यानुसार त्याच्या वरच्या विभागात, एपिगॅस्ट्रिअममध्ये! अवयव जागचा हलला नाही, रेघ हलली. म्हणून विभागाचं नाव सांगताना कोणती रेघ धरली, तेही सांगावं.

ट्रान्सपायलोरिक प्लेन काढायला टेप पुरते. रुग्णाला उताणं झोपवून गळ्याखालच्या खाचेपासून जघनास्थींच्या सांध्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. अंतर ५० सेंमी भरलं, तर वरून २५ सेंमीवर आडवी रेघ. ती उजव्या बरगडीच्या कडेला जिथे भेटते, तिथे नवव्या बरगडीच्या कूर्चेचं टोक असतं आणि त्यामागे पित्ताशयाचा तळ. तिथे बोट ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर कळ येऊन श्वास अडला, तर पित्ताशयाला सूज असण्याची शंका घ्यावी.

जठराचं दार, पायलोरस, या रेघेवर असतं ते मात्र झोपलेल्या माणसात. उभं राहिलं की ते खाली सरकतं. रेघेला त्याचं नाव असलं, तरी तिची जागा हाडांवरून ठरते. स्थूल माणसात बेंबीही खाली लोंबते, आणि तिच्यातून काढलेली क्वाड्रंटची आडवी रेघ तिच्याबरोबर उतरते.