‘नो रिटर्न’ लिहिलंय, मग चुकीच्या वस्तूचे पैसे बुडाले?

‘सुती साडी मागवली, पॉलिस्टरची आली. विक्रेता म्हणतो, आमची नो रिटर्न पॉलिसी आहे.’

ही पॉलिसी इथे चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. नुसता रंग आवडला नाही, तर मात्र पॉलिसी लागू होते.

साडी वापरू नका, टॅग काढू नका. ‘प्युअर कॉटन’ लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण मजकूर नंतर बदलता येतो. शेजारी टॅगचा फोटो जोडून वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. नाहीच दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. पुढे ग्राहक आयोगाकडे तक्रार स्वतःच्याच जिल्ह्यात करता येते.