नॅट आणि होस्ट-ओन्ली: रिमोट टूल तपासताना होणारी गल्लत

नवं रिमोट अ‍ॅक्सेस टूल आधी एखाद्या रिकाम्या व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून पाहावं, हे बहुतेकांना पटलेलं असतं. व्हीएम कशी उभी करायची आणि स्नॅपशॉट कसा घ्यायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला खटकतं ते त्यापुढचं हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘नेटवर्क नॅटवर ठेवलंय, म्हणजे टूल आतच कोंडलेलं आहे.’ तसं अजिबात नसतं. कोंडायचं काम होस्ट-ओन्ली करतं, आणि लोक या दोन पर्यायांना एकच समजतात.

नॅट बाहेरून आत येणाऱ्याला अडवतं, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. आयडीवर चालणारं रिमोट टूल नेमकं आतूनच सुरुवात करतं. ते स्वतःहून आपल्या सर्व्हरशी कनेक्शन उघडतं, आणि पलीकडचा माणूस त्याच उघड्या वाटेने आत येतो. पोर्ट फॉरवर्ड करावा लागत नाही, नॅटशी कुठे गाठच पडत नाही.

खरा धोका त्याच्या पुढे आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅटवरच्या व्हीएमला सहसा 10.0.2.15 हा पत्ता मिळतो. घरचं नेटवर्क 192.168.1.x असेल, तर पत्ते वेगळे दिसल्यामुळे दोन्ही जगं वेगळी वाटतात. व्हीएममधल्या पॉवरशेलमध्ये आपल्या राउटरचा पत्ता घालून हे चालवा:

```
Test-NetConnection 192.168.1.1 -Port 80
```

राउटरचं पान त्या पोर्टवर असेल, तर खाली `TcpTestSucceeded : True` दिसेल. याचा अर्थ, त्या व्हीएममध्ये शिरलेला माणूस तुमच्या राउटरचं लॉगिन पान उघडू शकतो. प्रिंटर आणि फाइल सर्व्हरही त्याच्या आवाक्यात येतात. कारण साधं आहे: नॅटमध्ये व्हीएमची प्रत्येक मागणी मुख्य कॉम्प्युटर स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो. फाइल सर्व्हरवर ‘फक्त माझ्या कॉम्प्युटरला परवानगी’ असा नियम असेल, तर व्हीएमही त्या नियमातून सुखाने पार होते.

होस्ट-ओन्लीमध्ये इंटरनेट नाही, राउटर नाही. फक्त मुख्य कॉम्प्युटर आणि त्याच आभासी नेटवर्कवरच्या व्हीएम. वरचीच कमांड आता `False` देईल. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: नॅटवर असताना टूलची फाइल फक्त उतरवून घ्यायची, मग स्नॅपशॉट घेऊन अ‍ॅडॅप्टर होस्ट-ओन्लीवर न्यायचा, आणि त्यानंतरच इन्स्टॉल करायचं. शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड क्लिपबोर्ड बंद असायला हवेत, हे वेगळं सांगायला नको.

पण व्हीएमला जोडायचं कुठून? इथे बरेच जण तेच टूल मुख्य कॉम्प्युटरवर टाकून मोकळे होतात, म्हणजे तपासणीचा मुद्दाच संपला. इन्स्टॉल करण्याआधी व्हीएमचा क्लोन करा आणि त्या दुसऱ्या व्हीएममधून जोडा. क्लोन करताना सगळ्या अ‍ॅडॅप्टरना नवे मॅक पत्ते देण्याचा पर्याय निवडा. नाहीतर दोघींना एकच आयपी मिळतो आणि लोक टूलला दोष देत बसतात. रस्टडेस्कसारख्या टूलमध्ये सेटिंग्जमधून थेट आयपीने जोडणं सुरू करता येतं. मग क्लोनमध्ये आयडीच्या जागी 192.168.56.101 असा पहिल्या व्हीएमचा पत्ता टाकायचा.

एवढ्यावर बरंच कळतं. पासवर्ड न विचारता जोडलं जातं का, समोरच्या स्क्रीनवर कोणी जोडलेलं असल्याची खूण दिसते का, रीस्टार्टनंतर टूल आपणहून उठतं का, आणि अनइन्स्टॉल केल्यावर त्याची सर्व्हिस `services.msc` मध्ये उरते का. शेवटचं मी कधीच सोडत नाही. सर्व्हिस मागे ठेवणारं टूल माझ्या मुख्य कॉम्प्युटरवर येत नाही.

होस्ट-ओन्लीची मर्यादाही आहे. त्यात मुख्य कॉम्प्युटर 192.168.56.1 वर दिसतच राहतो. तिथलं फाइल शेअरिंग व्हीएममधून लागतं का, ते पोर्ट 445 वर त्याच कमांडने पाहून घ्या. `True` आलं, तर दोन्ही व्हीएम इंटर्नल नेटवर्कवर न्या. तिथे मुख्य कॉम्प्युटरही नसतो, फक्त आयपी हाताने द्यावे लागतात.

आयडीने, सर्व्हरमार्फत जोडणं तपासायचं असेल तर नॅटला पर्याय नाही. त्या वेळी मुख्य कॉम्प्युटर घरच्या नेटवर्कवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर न्या, म्हणजे पलीकडे राउटर आणि फाइल सर्व्हर नसतील. टूलला खातं लागत असेल तर नवं, टाकाऊ खातं काढा. स्नॅपशॉट व्हीएमची डिस्क मागे नेतो. टूलच्या सर्व्हरवर एकदा गेलेला पासवर्ड तो परत आणत नाही.