मुलांच्या खुब्यातील तीव्र जंतुसंसर्ग

लहान मुलाच्या सांध्यात जंतूंमुळे पू होणे म्हणजे सेप्टिक आर्थ्रायटिस, आणि हाडाच्या आत तो होणे म्हणजे ऑस्टिओमायलायटिस. पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगळी असतात, पण खुब्यात, म्हणजे मांडीचे हाड कमरेला जिथे जोडले जाते त्या सांध्यात, ती बहुधा एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ही नोंद मुख्यतः खुब्यापुरती आहे. गुडघ्याला सूज आली तर आईला ती दिसते. खुबा मांसात खोल दडलेला असतो, त्याची सूज बाहेरून दिसत नाही, आणि उशीर झाल्याची किंमत सगळ्यांत जास्त याच सांध्याला मोजावी लागते.

मुलांत जंतू सहसा रक्तातून येतात. त्वचेवरचे गळू, खरचटलेला गुडघा किंवा घशाचा संसर्ग यांतून स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात शिरतो आणि लांब हाडाच्या टोकाजवळ, वाढीच्या चकतीच्या अलीकडे अडकतो. तिथल्या रक्तवाहिन्या वळसा घेतात आणि प्रवाह मंद असतो. बहुतेक हाडांत हा भाग सांध्याच्या पिशवीबाहेर राहतो. मांडीच्या हाडाची मान मात्र पिशवीच्या आतच असते, म्हणून हाडात साठलेला पू कवच फोडून थेट सांध्यात उतरतो. सांध्यात पू साठला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पांढऱ्या पेशींतून सुटणारी विकरे कूर्चा खातात, आणि वाढलेला दाब मांडीच्या हाडाच्या डोक्याकडे जाणारे रक्त अडवतो. तान्ह्या मुलांत हे डोके पूर्णपणे विरघळून गेल्याची वर्णने लंडनचे शल्यविशारद थॉमस स्मिथ यांनी १८७४ साली नोंदवली होती.

मुंबईत निदान चुकायला पावसाळा हातभार लावतो. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या मुलाकडे सगळे डेंग्यू म्हणूनच पाहतात. डेंग्यूत अंगभर दुखते आणि पांढऱ्या पेशी सहसा घटतात. सांध्यात पू असेल तर मूल एकाच पायाला जपते आणि पेशी बहुधा वाढलेल्या असतात. क्षयरोगाचा खुबा हेही या शहरातले नेहमीचे दुखणे आहे, पण तो आठवडे-महिने घेतो. कालपर्यंत गॅलरीत पळणारे मूल आज पाय टेकवत नसेल तर तो क्षयरोग असण्याची शक्यता कमी.

खरा गोंधळ होतो तो ट्रान्झियंट सायनोव्हायटिसशी. सर्दी-खोकल्यानंतर खुब्यात तात्पुरते पाणी होते, मूल दोन-चार दिवस लंगडते आणि विश्रांतीने आपोआप बरे होते. हे दुखणे पुवापेक्षा कितीतरी अधिक आढळते, आणि दोघांची सुरुवात सारखीच दिसते. त्यांना वेगळे करण्यासाठी १९९९ साली बोस्टनच्या कोकर आणि सहकाऱ्यांनी चार खुणा सुचवल्या: पायावर भार न टाकणे, ३८.५ अंश सेल्सिअसवर म्हणजे साधारण १०१.३ फॅरनहाइटवर ताप, शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी ईएसआर ४० च्या वर, आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. मूळ अभ्यासात चारही खुणा असलेल्या मुलांत पू असण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त होती. दुसऱ्या एका रुग्णालयाने आपल्या मुलांवर हेच निकष लावले तेव्हा आकडा साठच्या आसपास आला. नंतर पाचवी खूण जोडली गेली: सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन, २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर. हे निकष खुब्यासाठीच आहेत, आणि नवजात बाळाला ते लावू नयेत. नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळाला ताप येतोच असे नाही. ते पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना किंचाळते, इतकेच दिसते.

सीआरपी वाचताना एकक पाहावे, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी द्यावीशी वाटते. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एकीकडचे ६८ म्हणजे दुसरीकडचे ६.८. पालक दोन लॅबचे कागद घेऊन येतात आणि सीआरपी ६८ वरून ६.८ वर आला असे घरात सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात काहीच उतरलेले नसते.

नमुन्यादाखल एक मुलगी घेऊ. लालबागच्या चाळीत राहणारी, साडेचार वर्षांची, वजन १६ किलो. शुक्रवारी जिन्यावर घसरली. शनिवारी पाय ओढू लागली तेव्हा आजी म्हणाली, "मुरगळलं असेल गं, तेल चोळते." रविवारी ताप चढला. जवळच्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या शंकेने सेफिक्झिम सुरू केले. मंगळवारी ती परळच्या रुग्णालयात आली तेव्हा उताणी पडून होती, पाय किंचित दुमडलेला आणि बाहेर वळलेला. या स्थितीत पिशवीत सर्वांत जास्त जागा होते, म्हणून मूल आपणहून ती धरून ठेवते. पाय आत वळवायला गेले की ती ओरडे. पडल्याची कहाणी अशा मुलांच्या मागे बरेचदा असते आणि सगळ्यांना चकवते. ताप १०२, पांढऱ्या पेशी १४,६००, ईएसआर ५८, सीआरपी ९६ मिलिग्रॅम प्रति लिटर. एक्स-रे साधाच होता, त्यावर विसंबायचे नसते, कारण हाडातला बदल त्यात दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात. सोनोग्राफीत उजव्या खुब्यात पाणी दिसले, डाव्यात नव्हते.

सोनोग्राफी पाणी आहे एवढेच सांगते, पू आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी सुई घालावी लागते. रक्त आधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, घेतले जाते आणि मूल गंभीर नसेल तर अँटिबायोटिक सुई होईपर्यंत थांबवतात. मूल सेप्सिसमध्ये असेल, रक्तदाब पडत असेल, तर मात्र रक्त घेऊन औषध लगेच द्यायचे, सुईची वाट पाहायची नाही. हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन करतात, म्हणजे पू निघाला तर त्याच भुलेत सांधा उघडून धुता येतो. वीस नंबरची स्पायनल निडल सोनोग्राफीच्या नजरेखाली पुढून, फेमोरल नाडीपासून दूर राहून सांध्यात नेतात. काही सर्जन मांडीच्या आतल्या बाजूने, अ‍ॅडक्टर स्नायूच्या दोरीखालून जातात. काहीच आले नाही तर सुई सांध्यात आहे हे थोडे रंगद्रव्य सोडून एक्स-रेखाली पक्के करतात. ही खात्री न करता "कोरडे निघाले" असे लिहिणे ही नेहमीची चूक आहे. घट्ट पू बारीक सुईतून येत नाही, आणि सांधा निर्दोष ठरवला जातो.

या मुलीच्या खुब्यातून दोन मिलीभर दाट, पिवळसर द्रव आला. एवढ्यातच सगळे भागवायचे असते. त्यातले निम्मे लहान मुलांसाठीच्या रक्त-कल्चरच्या बाटलीत टाकले, कारण साध्या निर्जंतुक डबीपेक्षा तिथे जंतू जास्त वेळा वाढतात. विशेषतः किंगेला किंगी हा सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत आढळणारा नाजूक जंतू, जो साध्या कल्चरमध्ये दिसतच नाही आणि बरेचदा पीसीआरनेच सापडतो. थोडे ग्रॅम स्टेनसाठी, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, उरलेले जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये पेशी मोजायला. साध्या ट्यूबमध्ये द्रव गोठतो आणि आकडा खोटा येतो. मुंबईत शंका असेल तर दोन-चार थेंब क्षयरोगाच्या सीबीनॅट चाचणीलाही जातात.

पेशी ८२,००० निघाल्या, त्यात ९२ टक्के न्यूट्रोफिल. ५०,००० च्या वर आणि बहुतेक न्यूट्रोफिल असतील तर पू धरून चालतात, जरी संधिवाताच्या काही मुलांत आकडा तिथवर जातो आणि लवकर काढलेल्या पुवात तो खाली राहतो. ग्रॅम स्टेनमध्ये द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले. तीन दिवस सेफिक्झिम घेऊनही कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस वाढला, आणि यात नवल नाही. सेफिक्झिमचा या जंतूवर फारसा जोर चालत नाही. ताप जरासा खाली आणून चित्र धूसर करण्यापलीकडे त्याने काही केले नव्हते.

त्याच भुलेत सांधा उघडून सलाइनने धुतला, नळी ठेवली आणि सेफाझोलिन शिरेतून सुरू झाले, दर आठ तासांनी ८०० मिलिग्रॅम. गुडघ्यात वारंवार सुईने पू काढून काम भागते, पण खुब्यात बहुतेक सर्जन उघडणेच पसंत करतात. दुसऱ्या दिवशी सीआरपी ११८ वर गेला आणि घरचे घाबरले. शस्त्रक्रियेची जखमही सीआरपी वाढवते, दोन दिवसांत तो शिखर गाठतो, म्हणून त्यानंतरचा उतार पाहायचा. चौथ्या दिवशी तो ४१ झाला, ताप दीड दिवस नव्हता, आणि ती नर्सच्या हातातला फुगा घ्यायला पाय हलवून वळली. ईएसआर मात्र ६२ होता. तो तीन-चार आठवडे चढलेलाच राहतो, त्यामुळे औषध बदलायचे की नाही हे त्याच्यावरून ठरवू नये.

आता तोंडी औषध. पूर्वी अशा मुलांना चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचे आणि मूल तेवढे दिवस सलाइनला बांधलेले असायचे. फिनलंडमध्ये हेइक्की पेल्टोला आणि सहकाऱ्यांनी १३० मुलांच्या सेप्टिक आर्थ्रायटिसवर केलेल्या चाचणीत (२००९) १० दिवस विरुद्ध ३० दिवस तुलना केली, आणि ऑस्टिओमायलायटिसच्या १३१ मुलांवर (२०१०) २० विरुद्ध ३०. दोन्ही ठिकाणी कमी दिवसांचा गट मागे पडला नाही. शिरेतले औषध पहिले दोन ते चार दिवसच होते, पुढचे तोंडी, पण मोठ्या डोसात, आणि सीआरपी २० च्या खाली गेल्यावरच थांबवलेले. हे आकडे जसेच्या तसे मुंबईला लावायला मन धजत नाही. फिनलंडमध्ये मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे एमआरएसए, जवळजवळ नव्हता, इथे तो आहे. म्हणून नवजात बाळ, एमआरएसए रक्तात सापडलेले मूल, गळू उरलेले किंवा उशिरा आलेले मूल यांना हा सोपा मार्ग नाही. ज्या हाडात पू आहे त्याला इथे साधारण तीन ते चार आठवडे धरतात.

तोंडी बदल चार गोष्टी जमल्या की होतो: ताप दिवसभर-दोन दिवस नाही, दुखणे उतरते आहे, सीआरपी शिखरापासून निम्म्याच्या आसपास आला आहे, आणि मूल औषध गिळते, ओकत नाही. जंतू क्लिंडामायसिनला दाद देतो असे कागदावर असले तरी लपलेला प्रतिकार दाखवणारी डी टेस्ट पाहावी, नाहीतर उपचार चालू असतानाच तो प्रतिकार शिकतो.

या मुलीला सेफॅलेक्सिन दिले: दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे १६०० मिलिग्रॅम, चार वेळा ४०० मिलिग्रॅम. पाच मिलीत २५० मिलिग्रॅमचे सिरप घेतले तर दर वेळी ८ मिली, दिवसाला ३२. तीस मिलीची बाटली एका दिवसालाही पुरत नाही. नेहमीच्या घशाच्या दुखण्याला दिला जातो त्याच्या दुपटीहून मोठा हा डोस आहे, हाडापर्यंत पोचायचे म्हणून मुद्दाम इतका. केमिस्ट "एवढं कशाला?" म्हणतो, किंवा शेजारचे डॉक्टर निम्मे करतात, आणि दहा दिवसांनी ताप परत येतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर डोस मिलीत, दिवसाच्या चार वेळा लिहून आणि "कमी करू नये" असे ठळक करून देतात. तिची आई सिरिंजने मोजून देत होती, पहाटेच्या खेपेला गजर लावून.

दहाव्या दिवशी सीआरपी १२ आला. एमआरआयत मांडीच्या हाडाच्या मानेतही बदल दिसले होते, म्हणून औषध एकूण चार आठवड्यांवर नेले. औषध संपले म्हणून लक्ष ठेवणे संपत नाही. हाडाच्या डोक्याचे रक्त आधीच तुटले असेल तर ते एक्स-रेत महिन्यांनी दिसते, आणि वाढीची चकती बिघडली असेल तर पाय आखूड राहिल्याचे एक-दोन वर्षांनी समजते. तिला सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा एक्स-रेला बोलावले आहे.